‘गेला’ शोधायला ‘ग’मध्ये जाऊ नये

फळ्यावर रंगीत खडूने ‘निरोप समारंभ’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि त्याखाली कुणीतरी हौसेने दोन मोर काढले होते. हार, नारळ, शाल झाली. मुख्याध्यापकांचे भाषण झाले. मग मराठीच्या बाई उभ्या राहिल्या आणि आभार वगैरे मानायच्या आधी फळ्याकडे वळून म्हणाल्या, “हा शब्द कुणी कोशात पाहिलाय का?”

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची ही शाळा. बाईंनी तिथे पस्तीस वर्षे मराठी शिकवली आणि नियमाप्रमाणे अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर त्या महिनाअखेरीस निवृत्त होत होत्या. समोर आठवी ते दहावीची मुले, मागे काही माजी विद्यार्थी, दाराशी शिपाईमामा. हात कुणीच वर केला नाही. तेव्हा बाईंनीच सांगितले, की ‘निरोप’ म्हणजे जुन्या मराठीत आज्ञा, परवानगी. निघणाऱ्याने यजमानाकडे जाण्याची अनुज्ञा मागायची आणि यजमानाने ती द्यायची. म्हणून आपण आजही निरोप ‘घेतो’ आणि ‘देतो’. कुणाजवळ निरोप ‘ठेवतो’ किंवा ‘सांगतो’ तेव्हा तोच शब्द संदेश होतो. “थोडक्यात, आज परवानगी द्यायची ती तुम्ही. मी फक्त मागायला उभी आहे.”

त्यानंतर त्या जवळजवळ पाऊण तास बोलल्या. निवृत्तीच्या भाषणात एरवी आठवणी असतात, थोडे रडणे असते. इथे टेबलावर महाराष्ट्र शब्दकोशाचे जाड खंड रचलेले होते आणि आठवणी होत्या त्याही त्या खंडांतल्याच.

पहिली आठवण शब्द न सापडण्याची. शाळेत रुजू झाल्यावर बाईंनी पाचवीच्या वर्गात एक छोटा कोश फिरवला आणि धड्यातले अवघड शब्द शोधायला सांगितले. एका मुलाने बराच वेळ ‘ग’ची पाने चाळली आणि तक्रार केली, की बाई, ‘गेला’ या कोशात नाही. तो बरोबर होता. ‘गेला’ हा ‘जाणे’चा भूतकाळ, तेव्हा तो ‘ज’मध्ये. ‘केले’ शोधायचे तर ‘करणे’कडे जायचे, ‘घोड्याने’ शोधायचे तर ‘घोडा’कडे. बोलताना आपण क्वचितच मूळ रूप वापरतो. विभक्ती लागली की शब्दाचे अंग बदलते, काळ बदलला की क्रियापदाचे तोंडच ओळखू येत नाही. कोशात मात्र नाम एकवचनी, प्रत्ययाशिवाय आणि क्रियापद ‘-णे’ लावून उभे असते. “म्हणजे कोश उघडायच्या आधीच निम्मे व्याकरण करावे लागते,” बाई म्हणाल्या. “मी सामान्यरूप शिकवायला तीन तास घेत होते. त्या मुलाने ते एका तक्रारीत शिकवले.”

मूळ रूप कळले तरी काम संपत नाही. मराठीच्या मोठ्या कोशांपैकी बाईंचे दोन लाडके. एक जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ची, जॉर्ज आणि टॉमस कँडी या भावांच्या साहाय्याने वाढवलेली दुसरी १८५७ची. दुसरा यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश; १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले आणि १९५०मध्ये पुरवणी आली. दोन्हींचे लेखन जुने आहे. १९६२मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेली अनुस्वाराची टिंबे गळाली. त्याआधी ‘काही’ हे ‘कांहीं’ होते, ‘नाव’ हे ‘नांव’, ‘पाच’ हे ‘पांच’. शेवटचा इकारही तत्सम शब्दांत ऱ्हस्व राहत असे: ‘कवि’, ‘पद्धति’. आजचे मूल आजच्या लेखनाने शोधू लागले, की शब्द त्याच्या नजरेखालून निसटतो.

यावर बाईंचा तोडगा त्यांचे सगळे विद्यार्थी पाठ म्हणून दाखवतात. आधी टिंब देऊन पाहा, मग टिंब काढून पाहा, मग ऱ्हस्व-दीर्घ बदला. तरीही नाही सापडला तर कोशाची प्रस्तावना वाचा, कारण वर्णांचा क्रम प्रत्येक कोशाचा थोडा निराळा असतो. ‘क्ष’ हा कुणी ‘क’च्या पोटात घालतो, तर कुणी ‘ळ’च्या मागून अगदी शेवटी.

ती टिंबे निरुपयोगी होती असे मात्र बाईंनी कधी शिकवले नाही. ‘पांच’मधले टिंब ‘पञ्च’मधल्या ञचा ठसा आहे, ‘दांत’मधले ‘दन्त’मधल्या नचा. उच्चारातून अनुनासिक गेले, लेखनात त्याची सावली तेवढी उरली होती. नियमांनी ती पुसली हे लिहिणाऱ्याच्या सोयीचेच झाले. पण जुना कोश उघडला की ती सावली अजून दिसते आणि शब्द कुठून चालत आला हे विचारावे लागत नाही.

इथपर्यंत मुले ऐकत होती ती शिस्त म्हणून. पुढच्या गोष्टीला ती सरसावून बसली, कारण तिच्यात बाईंची चूक होती.

नोकरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. सातवीतल्या एका मुलीने निबंधात लिहिले होते, ‘औंदा पाऊस लई उशिरा आला.’ बाईंनी लाल शाईने ‘औंदा’ खोडले आणि वर ‘यंदा’ लिहिले. ‘लई’ खोडून ‘खूप’ लिहिले. समासात शेरा दिला: अशुद्ध शब्द. पुढे काही महिन्यांनी, वेगळेच काही शोधताना, त्यांना कोशात ‘अवंदा’ दिसला. अर्थ: यंदा, या वर्षी. मोल्सवर्थनेही तो घेतला होता. म्हणजे त्या मुलीच्या घरात रोज बोलला जाणारा शब्द शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने ऐकून टिपून ठेवला होता आणि मराठीच्या शिक्षिकेने तो खोडला होता.

“मी तिच्या वहीत चूक शोधली, पण शब्द शोधला नाही,” बाई म्हणाल्या. मुलगी तोवर आठवीत गेली होती. बाईंनी तिला बोलावून ते पान दाखवले. ती खूश झाली का, असे समोरून कुणीतरी विचारले. “नाही,” बाई म्हणाल्या. “ती म्हणाली, मग बाई, माझा अर्धा गुण?”

हशा ओसरल्यावर त्या कोशातल्या कंसांकडे वळल्या. दाते-कर्वे यांच्या कोशात अनेक शब्दांपुढे कंसात एखादे अक्षर किंवा तुटक शब्द असतो. (व.) म्हणजे वऱ्हाडी, (गो.) म्हणजे गोमंतकी, (कुण.) म्हणजे कुणबाऊ. वाचणारा हे कंस ओलांडून सरळ अर्थाकडे धावतो. बाईंनाही अनेक वर्षे तीच सवय होती. पण या कंसांत कोशकार शब्दाचा पत्ता देत असतो: हा शब्द कुठे राहतो, कोण बोलतो. निबंधात तो चालेल की नाही हा प्रश्न वेगळा; परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘यंदा’च लिहावे, हे बाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या. मात्र ‘अशुद्ध’ हा शेरा त्यांनी त्यानंतर बोलीतल्या शब्दाला दिला नाही. समासात त्या ‘(सा.)’ असे लिहू लागल्या, म्हणजे सातारी. हा कंस कुठल्याही कोशातला नव्हता, त्यांचा स्वतःचा होता.

आणि ती लाल शाई? तिचीही गंमत त्यांनी सांगितली. ‘शाई’ हा शब्द फारसी ‘सियाही’वरून आलेला आणि ‘सियाह’ म्हणजे काळा. तेव्हा लाल शाई म्हणजे मुळात ‘लाल काळे’. शाळेतल्या वस्तू एकेक करून कोशात पाहिल्या तर निम्मा वर्ग परदेशी निघतो. ‘कागद’ फारसीतून आला, ‘कलम’ आणि ‘दौत’ अरबीतून. पाठीवरचे ‘दप्तर’ही फारसीच्या वाटेने आलेले, पण त्याही मागे गेले तर ग्रीक भाषेत कातड्याला असलेला शब्द सापडतो, कारण कधीकाळी नोंदी कातड्यावर होत. घटसर्पाचे ‘डिप्थेरिया’ हे नावही त्याच ग्रीक शब्दावरून, घशात चामड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून. हिंदीत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत पुण्याच्या पेशवे दप्तरात राज्याचे कागद कापडात बांधून ठेवले गेले आणि पोरांची वह्या-पुस्तकेही दप्तरातच राहिली. उलट ‘इयत्ता’ शुद्ध संस्कृत: इतकेपणा, एवढे असणे, मर्यादा. “इयत्ता सातवी म्हणजे, बाळांनो, सातवीपुरते एवढेच,” असे म्हणून बाईंनी सातवीच्या वर्गशिक्षकांकडे पाहिले.

इथे त्यांनी एक फरक सांगितला. कोश दोन स्वभावांचे असतात. शिवछत्रपतींच्या काळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, तो इच्छेचा कोश. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायचे हा त्याचा हेतू होता. त्याच काळात अष्टप्रधानांची नावेही बदलली: पेशवा झाला पंतप्रधान, मुजुमदार झाला अमात्य, सुरनीस झाला सचिव, वाकनीस झाला मंत्री, डबीर झाला सुमंत. पण लोकांनी पेशव्याला पेशवाच म्हटले आणि मुजुमदार हे आडनाव होऊन आजही नांदते आहे. मात्र पंतप्रधान, मंत्री, सचिव हे शब्द आजच्या कारभारात रोज लागतात. मोल्सवर्थचा कोश दुसऱ्या स्वभावाचा. लष्करातून आलेल्या त्या गोऱ्या माणसाला मराठी कशी असावी हे ठरवायचे नव्हते, ती काय आहे हे हवे होते. पंडितांना हाताशी धरून त्याने शब्द गोळा केले आणि दुसऱ्या आवृत्तीपर्यंत त्यांची संख्या सुमारे ६०,००० झाली. देवळातला शब्द आणि गोठ्यातला शब्द त्यात शेजारी शेजारी बसतात. शिव्याही आहेत. बाईंनी हे सांगितल्यावर नववीतल्या दोघातिघांनी टेबलाकडे ज्या नजरेने पाहिले, त्यावरून सुटीत कोणते खंड उघडले जाणार हे स्पष्ट होते.

भाषणाचा सर्वांत मोठा भाग त्यांनी एका क्रियापदाला दिला: ‘लागणे’.

हा त्यांचा दरवर्षीचा प्रयोग होता. आठवीच्या प्रत्येक मुलाला चार बोटे रुंदीची एक चिठ्ठी द्यायची आणि घरी, बसथांब्यावर, दुकानात ऐकलेले ‘लागणे’चे एक वाक्य जसेच्या तसे लिहून आणायला सांगायचे. रचलेले वाक्य चालणार नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या. ठेच लागली. भूक लागली. निकाल लागला. दोन तास लागले. तो तुमचा कोण लागतो? दार लागत नाही. शाळेपाशी गाडी लागली. मला गाडी लागते. पोरगं रडायला लागलं. जावं लागलं. आता या चिठ्ठ्यांचे ढीग करा, सारख्या अर्थाची चिठ्ठी सारख्या ढिगात.

गोंधळ इथेच सुरू व्हायचा आणि बाईंना तोच हवा असायचा. ठेच लागली, हात लागला, होडी काठाला लागली, ही वाक्ये पटकन एकत्र येतात, कारण एक वस्तू दुसरीला टेकते. दाराचे काय? पाट चौकटीला टेकतो, म्हणून तेही तिथेच. मग भूक, झोप, सवय, वेड. इथे कुणी कुणाला दिसेल असे टेकत नाही. पण या वाक्यांची चण एक आहे: माणसाला ‘ला’ लागतो आणि क्रियापद माणसामागे न जाता भुकेमागे जाते. ‘मुलाला भूक लागली’, ‘मुलाला लागला’ असे होत नाही. म्हणजे वाक्याचा धनी भूक आहे. एका वर्षी एका मुलाने यावर म्हटले होते, “बाई, भूक आपल्याला येऊन चिकटते, आपण काही करत नाही.” याहून नेमके व्याकरण आपल्याला सांगता आले नसते, अशी कबुली बाईंनी दिली.

गाडीवरून मात्र दरवर्षी भांडण. ‘शाळेपाशी गाडी लागली’ ही पहिल्या ढिगातली, थांब्याला टेकलेली गाडी. ‘मला गाडी लागते’ म्हणजे प्रवासात मळमळते. ही भुकेच्या ढिगातली, माणसाला बाधणारी. ऊन लागते, थंडी लागते, तशी गाडीही लागते. शब्द तेच, पण एका वाक्यात ‘मला’ आला आणि ढीग बदलला. कोशकार हेच करतो, हे मुलांना तेव्हा कळायचे: तो आधी वाक्ये गोळा करतो, मग ती वेगळी करतो आणि मगच प्रत्येक ढिगाला क्रमांक देतो. अर्थ आधी आणि उदाहरण मागून, असे त्याच्या टेबलावर कधी नसते.

‘दोन तास लागले’ आणि ‘शंभर रुपये लागतात’ यांचा ढीग गरजेचा. ‘तो तुमचा कोण लागतो’ हा नात्याचा, पण चिकटण्याच्या जवळचा. ‘रडायला लागलं’मध्ये ‘लागणे’ आपला अर्थ सोडून दुसऱ्या क्रियेच्या सुरुवातीची खूण होते आणि ‘जावं लागलं’मध्ये सक्तीची. ‘निकाल लागला’ ही चिठ्ठी कुठल्या ढिगात टाकायची, यावर पस्तीस वर्षांत दोन वर्गांचे एकमत झाले नाही. बाई ती जमिनीवर मधोमध एकटी ठेवून देत.

ढीग झाले की मग कोश उघडायचा. आपले किती अर्थ कोशकाराला सापडले होते आणि त्याचे किती आपल्याला नाहीत, ते ताडून पाहायचे. मुलांचा एखादा ढीग कोशात वेगळा नसे, कोशाचे काही अर्थ गावात कुणी बोलत नसे. अशा अर्थांपुढे बऱ्याचदा जुन्या ग्रंथातला दाखला असतो आणि ग्रंथाचे नाव संक्षेपाने दिलेले असते: ‘ज्ञा.’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘दा.’ म्हणजे दासबोध. दाखला फक्त जुन्याच ग्रंथातला असेल, तर तो अर्थ आज वापरण्याआधी चारदा विचार करावा, ही बाईंची खूण. स्पर्धेच्या निबंधात भारदस्त शब्द घालण्याच्या नादात मुले नेमकी इथे फसतात. कोशातून शब्द उचलतात, पण तो शेवटचा कोण बोलले हे पाहत नाहीत.

कोशाला काय येत नाही, हेही त्यांनी सांगितले. प्रत्येक कोशाला जन्मतारीख असते. दाते-कर्वे यांच्या खंडांत ‘संगणक’ शोधणे म्हणजे आजोबांच्या लग्नाच्या फोटोत नातू शोधणे. उलट ‘राजीनामा’सारखा शब्द कोशात सापडतो, पण शेजारच्या भाषेत तो तसाच वागेल याची हमी कोश देत नाही. ‘राजी’ म्हणजे कबूल, ‘नामा’ म्हणजे लेख. हिंदीत त्यावरून दोन पक्षांतली तडजोड झाली, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. ‘शिक्षा’ हिंदीत शाळेत मिळते, मराठीतही मिळते, पण ती वेगळी. टीव्हीवरच्या हिंदीमुळे आता मुले वहीत ‘शिक्षा’ हा शब्द ‘शिक्षण’ या अर्थाने लिहितात. याबाबत बाई मुळीच उदार नव्हत्या. तिथे लाल शाई चालू ठेवावी, असे त्यांनी नव्या मराठीच्या सरांना सगळ्यांदेखत बजावले. ‘औंदा’ला सूट आणि ‘शिक्षा’ला शिक्षा, हा न्याय एका माजी विद्यार्थ्याला पटला नाही. उद्या सगळेच तसे बोलू लागले तर कोश तेही टिपेलच ना, असे त्याने विचारले. बाई क्षणभर थांबल्या. “टिपेल,” त्या म्हणाल्या. “टिपायलाच हवे. पण तोवर मी निवृत्त झालेली असेन.”

समारंभ संपल्यावर कार्यालयात खरा निरोप झाला. शाळेचे सामान ज्या वहीत चढवतात तिला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात. बाके, घंटा, कपाटे आणि शब्दकोशही तिच्यातच. काही वर्षांपूर्वी जीर्ण म्हणून कोशाचे निर्लेखन करायचे घाटत होते. तेव्हा बाईंनी खंड घरी नेऊन स्वतः खळ लावून, पुठ्ठे बदलून परत आणले होते. आता ते परत मोजून द्यायचे होते. लेखनिकाने एकेक खंड उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला आणि शेवटच्या रकान्यात काय लिहू, असे विचारले. तो रकाना वस्तूच्या स्थितीचा होता. बाईंनी चष्मा लावला, तिसरा खंड उघडून शिवण पाहिली आणि सांगितले, “लिहा, शिवण उसवलेली, पाने पूर्ण.” मग नोंदवहीत ‘शब्दकोष’ असे लिहिलेले त्यांना दिसले. त्यांनी लेखनिकाकडून पेन मागून घेतले, ‘ष’भोवती गोल केला आणि वर ‘श’ लिहून सही केली. ‘कोष’ असेही लिहितात मॅडम, असे तो म्हणाला. बाईंनी नुकताच ठेवलेला खंड पुन्हा आपल्या बाजूला ओढला.